वाऱ्यानं फिरलेली छत्री जागेवर आणताना: सुईचं मीटर, ओळंबा आणि खडू

आमचं गाव औसा तालुक्यात. एप्रिल-मे महिन्यात वळीव येण्याआधी जी वावटळ उठते, ती पत्रे आणि कडब्याच्या गंजीच नव्हे, स्लॅबवरच्या छत्र्याही हलवून जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमची डीडी फ्री डिशची छत्री फिरली. एका माणसानं येऊन पाच मिनिटांत चित्र आणून दिलं, पैसे घेतले आणि गेला. पहिला पाऊस पडताच चित्र पुन्हा गेलं. मग मी मीटर विकत घेऊन स्वतःच बसलो. तीन वेळा चुकलो, चौथ्यांदा जमलं. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

हा लेख स्लॅबवर बसवलेल्या साधारण 60 सेंटिमीटरच्या फ्री डिशच्या छत्रीपुरता आहे. दुसऱ्या कंपनीची डिश असेल तर पद्धत हीच, पण दिशा आणि आकडे वेगळे.

काय काय लागेल

- 10 आणि 13 नंबरचे पाने (नट बघून घ्या, कधी 12 नंबर लागतो)
- सुईचं सॅटेलाइट फाइंडर मीटर. स्वस्तातलं चालतं.
- दोन्ही टोकांना एफ कनेक्टर लावलेली हातभर केबल
- गवंड्याचा ओळंबा, नसेल तर सुतळीला बांधलेला जड नट
- खडू आणि ऑइल पेंटची छोटी डबी
- सरळ लाकडी पट्टी आणि कोन मोजणारं ॲप असलेला मोबाइल
- खाली टीव्हीसमोर बसणारा, कंटाळा न करणारा एक माणूस

शेवटचा आयटम सगळ्यात महाग. मी पुतण्याला बसवलं होतं.

1. वर चढण्याआधी खाली बघा

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक स्ट्रेंग्थ बघून फसतात. ती पट्टी छत्री रिकाम्या आभाळाकडे वळलेली असली तरी 60-70 दाखवू शकते, कारण एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीच्या टोकाला असलेला सिग्नल पकडणारा भाग, स्वतःचा जो गोंगाट वाढवून खाली पाठवते तोही त्यात मोजला जातो. उपग्रहाचं खरं बोलणं बॉक्सला कळतंय की नाही ते फक्त क्वालिटी सांगते.

स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य, हे छत्री फिरल्याचं लक्षण. दोन्ही शून्य असतील तर आधी केबल बघा: वाऱ्यानं ओढली जाऊन कनेक्टरमधून निसटली असेल किंवा एलएनबीच्या तोंडाशी पाणी शिरून आतली तार हिरवी पडली असेल. क्वालिटी वाऱ्याच्या झोताबरोबर वरखाली होत असेल तर छत्री दिशेला आहे, फक्त नट ढिले आहेत. आणि एरवी चित्र छान, पण जरा भुरभुर पाऊस आला की जातं, असं असेल तर छत्री थोडीशीच सरकलेली आहे. आमच्याकडे त्या माणसानं नेमकं हेच करून ठेवलं होतं.

वारा चालू असताना, आभाळात गडगडाट असताना किंवा जवळून विजेची तार जात असेल तर वर जाऊ नका. मी सकाळी सातला चढतो. वारा पडलेला असतो आणि स्लॅबही तापलेला नसतो.

2. छत्री नेमकी कुठे हलली ते शोधा

नटाला हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. छत्री तीन ठिकाणी हलू शकते: स्टँड स्लॅबवर सरकतो, खांबावरची पकड गोल फिरते, किंवा छत्री वरखाली झुकते.

खांबावर पकड जिथे बसते तिथे बहुतेक वेळा जुन्या गंजाची किंवा धुळीची रेघ असते. ती रेघ आणि पकडीची कड यांत किती फरक पडलाय बघा. आमचा खांब बाहेरून 38 मिलिमीटर जाडीचा आहे. त्याचा घेर सुमारे 120 मिलिमीटर, म्हणजे खांबावर 1 मिलिमीटर सरकणं हे छत्रीचं 3 अंश फिरणं झालं. आमच्याकडे रेघ 2 मिलिमीटर बाजूला दिसत होती. डोळ्यांना काहीच वाटत नाही, पण छत्री 6 अंश फिरलेली होती आणि तेवढं चित्र जायला पुरेसं आहे.

मग ओळंबा लावून खांब उभा आहे का बघा, एकदा दक्षिणेच्या बाजूनं आणि एकदा पूर्वेच्या. खांब कलला असेल तर आधी तो सरळ करा, स्टँडचे फास्टनर आवळा, हवं तर सिमेंट भरा. खांब तिरका असताना छत्री गोल फिरवली की तिची उंची, म्हणजे ती क्षितिजापासून किती अंश वर बघते तेही, बदलत जाते. मग एक साधलं की दुसरं बिघडतं आणि माणूस दिवसभर फिरवत बसतो.

छत्रीला मार बसला असेल, गारपिटीत किंवा आडवी पडल्यानं, तर तिच्या कडेवरून दोन दोऱ्या एकमेकींना छेद देतील अशा ताणून बांधा. मधोमध दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. बोटभर अंतर राहिलं किंवा एक दुसरीला दाबत असेल तर छत्री पिळली गेली आहे. अशी छत्री कितीही फिरवली तरी पूर्ण सिग्नल देत नाही, बदलावी लागते.

3. ढोबळ दिशा: आग्नेय

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-15 वरून येतात. तो विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. मराठवाड्यातून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे वास्तुवाले जिकडे चूल सांगतात तिकडे. उत्तरेपासून उजवीकडे मोजलं तर हा कोन लातूरला 136 अंश येतो, धाराशिवला 135, परभणीला 138 आणि नांदेडला 138-139. उंची संभाजीनगरला सुमारे 59 अंश, बाकी ठिकाणी 60-61 अंश.

मोबाइलचं होकायंत्र लोखंडी स्टँडजवळ धरलं की खोटं बोलतं. चार-पाच फूट मागे येऊन, स्लॅबच्या सळयांपासूनही दूर म्हणून छातीच्या उंचीवर धरून दिशा घ्या आणि समोरची एखादी खूण ठरवा. आमची खूण पाण्याच्या टाकीशेजारचा लिंब होता.

इथे एक सापळा आहे. शेजाऱ्याची छत्री बघून आपली तशीच वळवू नका. त्याच्याकडे टाटा प्ले असेल तर त्याचा उपग्रह 83 अंशांवर आहे आणि औशातून ती छत्री आपल्यापेक्षा जवळजवळ 24 अंश जास्त दक्षिणेकडे बघते. एअरटेल असेल तर 108.2 अंशांवर, म्हणजे सुमारे 19 अंश पूर्वेकडे. आमच्या गल्लीत सहा छत्र्या तीन दिशांना तोंड करून आहेत, आणि सगळ्या बरोबर आहेत.

दुसरं, 61 अंश उंची म्हणजे छत्री जवळजवळ आभाळाकडे बघत असेल असं वाटतं, पण आपली छत्री ऑफसेट असते. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असल्यामुळे छत्रीचं तोंड दिसतं त्यापेक्षा 20-25 अंश वर बघत असतं. म्हणून पट्टी छत्रीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत टेकवून मोबाइलनं कोन मोजला तर ती उभ्या रेषेपासून 36 ते 41 अंश मागे झुकलेली दिसेल. बनावटीनुसार यात फरक पडतो, तेव्हा हा आकडा फक्त सुरुवातीपुरता.

4. मीटर जोडणं

आधी बॉक्सचा प्लग काढा. केबलमधून एलएनबीसाठी 13 किंवा 18 व्होल्टचा पुरवठा वर जात असतो. चालू असताना कनेक्टरची मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा पुरवठा जळू शकतो.

एलएनबीची केबल काढा, तिथे हातभर केबल लावून ती मीटरच्या एलएनबी लिहिलेल्या बाजूला जोडा. घरातून आलेली केबल रिसीव्हरच्या बाजूला. उलट जोडलं तर मीटर काम करणार नाही. मग बॉक्स चालू करा. मीटरचा दिवा लागला म्हणजे पुरवठा वर पोचतोय, आणि तुमची केबल धड आहे हेही त्यातच कळतं.

खाली बसलेल्या माणसाला सिग्नलच्या पानावर 11090, व्ही, 29500 ही फ्रिक्वेन्सी निवडायला सांगा. एलएनबीची सेटिंग 9750-10600 असावी. वाऱ्यानं ती बदलत नाही, पण छत्री हलल्यावर घाबरून लोक रिमोट दाबत सुटतात आणि तीही बिघडवून ठेवतात.

5. सुईवर जवळ या, पण सुईवर थांबू नका

पकडीचे नट एवढेच ढिले करा की छत्री हातानं जोर लावल्यावर फिरेल, पण सोडल्यावर तिथेच राहील. मीटरची चकती फिरवून सुई 4-5 च्या आसपास आणा. आता छत्री अगदी सावकाश आग्नेयेच्या दोन्ही बाजूंना फिरवा. सुई चढली आणि टोकाला टेकली की चकती मागे घेऊन पुन्हा 5 वर आणा आणि शोध पुढे चालू ठेवा. सुई टोकाला चिकटलेली असताना फिरवणं म्हणजे डोळे मिटून फिरवणं. उभे राहताना छत्रीच्या मागे राहा, एलएनबीसमोर हात किंवा डोकं आलं की सुई पडते.

आता खरी गोम. सुईचं मीटर उपग्रह ओळखत नाही. एलएनबीकडे येणारी सगळी ताकद एकत्र करून ते दाखवतं. 93.5 च्या शेजारी, 95 अंशांवर डिश टीव्हीचे उपग्रह आहेत. औशातून बघितलं तर ते आपल्या उपग्रहाच्या डावीकडे सुमारे अडीच अंश आणि जरासे खाली. 60 सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे 3 अंश रुंद असते, त्यामुळे ती दोघांचंही एकाच वेळी थोडं थोडं ऐकू शकते. परिणाम असा की सुई सर्वात वर जाते ती जागा कधी कधी दोन उपग्रहांच्या मधोमध असते. तिथे चित्रही येतं, पण क्वालिटी निम्मी. आमच्याकडे आलेल्या माणसानं सुई वर गेली, चित्र आलं, की नट आवळले होते. पुतण्यानं सांगितलेला आकडा होता 41. पाऊस आला की एवढ्यातून काही उरत नाही.

म्हणून सुईचा उपयोग एवढाच: आपण जवळ आलो आहोत हे कळणं. पुढचं काम बॉक्सच्या क्वालिटीवर. आणि एकदा खात्री करा की दिसणारे चॅनल फ्री डिशचेच आहेत.

6. ओळंबा आणि खडू: मधली जागा पकडणं

क्वालिटीच्या पट्टीला बदल दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. तुम्ही फिरवत राहिलात तर पुतण्या ओरडेपर्यंत चांगली जागा मागे गेलेली असते. थोडं फिरवा, हात सोडा, मनात तीनपर्यंत मोजा, आकडा विचारा.

सर्वात मोठा आकडा शोधू नका. शिखराजवळ आकडा सपाट असतो, 70, 71, 70, 72, त्यात नेमकी जागा कळत नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना चित्र जिथे तुटतं त्या जागा धरा आणि मध काढा. खांबावर ही मापं मिलिमीटरपेक्षा बारीक येतात, म्हणून मी एलएनबीच्या दांडीच्या टोकाला ओळंबा लावतो. आमच्याकडे खांबापासून टोकापर्यंत आडवं अंतर 46 सेंटिमीटर आहे, म्हणजे 1 अंश फिरलं की ओळंबा स्लॅबवर 8 मिलिमीटर सरकतो. एवढं खडूनं सहज दाखवता येतं.

आमच्या छत्रीचा हिशोब असा झाला. डावीकडे फिरवत गेलो, क्वालिटी शून्य झाली तिथे ओळंब्याखाली खडूची खूण केली. उजवीकडे गेलो, पुन्हा शून्य, दुसरी खूण. दोन खुणांत 6.5 सेंटिमीटर अंतर. मध म्हणजे 3.25 सेंटिमीटर. तिथे ओळंबा आणला आणि क्वालिटी 63 वर गेली. ओळंबा फक्त मोजताना टांगा, फिरवताना काढा, नाहीतर तो हलत राहतो.

आता वरखाली. आपल्याकडे उपग्रह 60 अंश उंच असल्यामुळे छत्री आडवी 2 अंश फिरवली तर तिची नजर प्रत्यक्षात फक्त 1 अंशानं सरकते. वरखाली मात्र 1 अंश म्हणजे पूर्ण 1 अंश. त्यामुळे उंचीची चूक आडव्या चुकीच्या दुप्पट महाग पडते. तरी बहुतेक जण सगळा वेळ छत्री डावी-उजवी करण्यात घालवतात आणि उंचीचा नट सोडतच नाहीत, कारण तो सोडला की छत्री धाडकन खाली झुकेल ही भीती. दुसऱ्या माणसाला छत्रीची वरची कड धरायला सांगा आणि नट अर्धा आटाच ढिला करा.

पट्टी लावून मोबाइलवर कोन बघत हळूहळू वर न्या. आमच्याकडे चित्र 39.5 ला तुटलं आणि खाली आणताना 35.5 ला. मध 37.5. तिथे क्वालिटी 74. वर-खाली जुळल्यावर आडवी बाजू पुन्हा एकदा तपासली. ओळंबा 4 मिलिमीटर उजवीकडे गेला आणि आकडा 76 झाला. त्यापुढे काही वाढलं नाही.

तुमच्या बॉक्सवर हाच आकडा 60 असेल किंवा 90. बॉक्स बॉक्सचा मोजण्याचा हिशोब वेगळा असतो, शेजाऱ्याशी तुलना करू नका.

7. एलएनबीची मान

आमच्या भागात एलएनबी सरळ उभी नसते, सुमारे 41 अंश पिळलेली असते, कारण उपग्रह आपल्या सरळ दक्षिणेला नसून बाजूला आहे. वाऱ्यानं तिची पकड सैल झाली असेल तर ती हळूच दोन्ही बाजूंना फिरवून क्वालिटी बघा. दहा अंशांपर्यंत फारसा फरक पडत नाही. जुनी खूण शाबूत असेल तर तिच्यावर आणून सोडून द्या, उगाच छेडू नका.

8. आवळताना जे निसटतं

माझा तिसरा प्रयत्न इथेच वाया गेला. 75 वर आणून मी एका बाजूचा नट पूर्ण आवळला आणि मग दुसऱ्या बाजूचा. नट आवळताना पकड त्या बाजूला ओढली जाते. आकडा 75 वरून 58 वर आला होता आणि मी मीटर काढून खाली उतरलो होतो.

दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीनं, पाव-पाव आटा आवळा. प्रत्येक वेळी खालून आकडा विचारा. पडला तर ज्या बाजूला छत्री ओढली गेली तिच्या उलट दिशेनं हलका दाब देत पुढचा पाव आटा फिरवा. स्प्रिंग वायसर नसेल तर आताच घाला. शेवटी छत्रीची कड दोन्ही हातांनी धरून जरा जोर लावून हलवा आणि सोडा. आकडा परत तिथेच आला पाहिजे. नाही आला तर पकड अजून सैल आहे, आणि पुढची वावटळ तेच करणार आहे जे तुम्ही आत्ता हातानं केलंत. ताशी 60 किलोमीटरचा वारा या छत्रीला साधारण 6 किलो वजनाइतका ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ढकल चौपट होते.

मग बॉक्स बंद करून मीटर काढा. ते केबलमध्येच ठेवून देणारे लोक मी पाहिलेत, पहिल्या पावसात त्यात पाणी जातं. केबल थेट एलएनबीला लावा, कनेक्टरवर टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळातून गळून पडेल.

9. पुढच्या वेळेसाठी खूण

खांब आणि पकड यांवरून जाणारी एक उभी रेघ ऑइल पेंटनं मारा. उंचीच्या पट्टीवर दुसरी. एलएनबीच्या मानेवर तिसरी. या रेघा सलग दिसत असतील तर छत्री हललेली नाही, आणि तुटलेल्या दिसल्या तर परत जुळवायला अर्धा तासही लागत नाही. मी क्वालिटीचा आकडा आणि तारीख बॉक्सच्या तळाला मार्करनं लिहून ठेवली आहे.

एक वेळ मात्र अशी येते की रेघा सलग, वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरी सकाळी 11 च्या सुमारास चित्र काही मिनिटं फुटतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट छत्रीत भरतो. चार-पाच दिवस रोज असं होतं आणि आपोआप थांबतं. त्या दिवसांत पाना घेऊन वर चढू नका. मागच्या मार्चमध्ये पुतण्या चढला होता. मी शेतातून येईपर्यंत त्यानं नट सोडले होते, आणि दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन पुन्हा ओळंबा टांगावा लागला.